काळजीशी वाद नको, तिला ढगासारखी जाऊ द्या

समजा, घरातला मुलगा रात्रपाळीला बाईकवर गेला आहे. आई अंथरुणावर पडली की मन म्हणते, "त्याला अपघात झाला तर?" आई मनाला समजावते, "तो गाडी हळू चालवतो." मन लगेच म्हणते, "पण समोरचा ट्रकवाला?" प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघतो आणि दोन वाजतात. "उद्या काय होईल" याची पक्की खात्री कोणालाच देता येत नाही, म्हणून हा वाद कधी संपत नाही.

अशा वेळी वाद सोडून देण्याचे एक कौशल्य आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून विकसित केलेल्या स्वीकारावर आधारित उपचारपद्धतीत ते शिकवतात. चित्तात काय चालले आहे ते नुसते जाणणे आपल्याला चित्तानुपस्सनेतून ओळखीचे आहेच.

आता त्या आईने काय करायचे ते पाहू. आधी दोन-तीन श्वास सावकाश घ्यायचे. मग डोळे मिटून दोन पत्र्यांच्या मधून दिसते तेवढे आभाळ मनात आणायचे. विचार आला की मनात म्हणायचे, "त्याला अपघात होईल, असा विचार मला आला आहे." एवढ्यानेच घडलेली गोष्ट आणि विचार वेगळे होतात. तो विचार एका ढगावर ठेवायचा आणि ढग त्याच्या चालीने जाऊ द्यायचा. पुढचा विचार आला की तो पुढच्या ढगावर. मध्येच आपण विचारात वाहून गेलो असे लक्षात आले की पुन्हा आभाळाकडे यायचे. पाच मिनिटे पुरे. सुरुवातीला हा सराव दिवसा, लहान काळजीवर करावा.

यात एक चूक हमखास होते. आपण ढगाला ढकलू लागतो. "गेला का? अजून का नाही गेला?" असे मन विचारू लागले, की वाद पुन्हा सुरू झाला असे समजावे. ढग थांबला तर थांबू द्यावा, तोच परत आला तर येऊ द्यावा. छातीतली धडधड लगेच थांबेलच असे नाही. काळजी असतानाही आपण मुलाला चौथा फोन न करता पडून राहू शकलो, तर कौशल्य जमू लागले.

मात्र जिथे काही करता येते तिथे ते करावेच. ब्रेक ढिले असतील, हेल्मेट नसेल, तर कागदावर लिहून सकाळी सोय करावी. घराची नोटीस किंवा थकलेला पगार ढगावर सोडून चालणार नाही.

झोप दोन आठवडे उडाली असेल किंवा कामात लक्ष लागत नसेल तर डॉक्टरांना भेटावे. जीव द्यावासा वाटत असेल तर एकट्याने हा सराव करत बसू नये. जवळच्या माणसाला लगेच सांगावे आणि १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आणि चोवीस तास असते.