शतशब्दकथेच्या नावाखाली

माझी हजार शब्दांची कथा एका दिवाळी अंकाने शंभर शब्दांत छापली. जागेची अडचण मी समजू शकते. पण मला न विचारता कात्री चालवली, आणि नेमका कथेचा जीवच कापला.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या कथेत एक सून थकलेल्या म्हाताऱ्याला त्यासाठी रिक्षातून नेते. वाटेत विचारत राहते, "नाव काय सांगायचं?" तो अडखळतो, ती न चिडता पुन्हा पढवते. वाचकाला वाटतं, वयामुळे विसरतात. दाखला होतो. बाहेर आल्यावर म्हातारा हात पुढे करतो, "दोनशे ठरले होते. पुढच्या वर्षी तीनशे घेईन."

छापील कथेत बँकेतली गर्दी होती, कारकुनाचा खेकसणारा आवाज होता. रिक्षातलं पढवणं मात्र गायब. ते गेल्यावर दोनशे कशाचे, हे कुणाला कळणार? रिक्षाचं भाडंच वाटणार. म्हणून संपादकांनी शेवटी पदरचं वाक्य जोडलं, 'खरे आप्पा तीन वर्षांपूर्वीच वारले होते.' त्यावर कडी म्हणजे शीर्षक दिलं 'तोतया'! अंक उघडल्यावर मी शीर्षकापाशीच थांबले. फोन केला तर म्हणाले, "अहो, वाचकाला कळायला नको का?" वाचकाला इतकं कमी लेखणाऱ्यांनी कथा निवडायला बसू नये.

नंतर मीच ती शंभरात बसवली. सुरुवात शेवटापासून केली. म्हाताऱ्याचे ते सात शब्द आधी लिहून टाकले आणि त्यांना हात लावला नाही. मग मागे जाऊन दोन अर्थ निघणारी जागा शोधली. ती रिक्षातली. तिला तीसेक शब्द दिले, उरलेल्यांत नोव्हेंबर, बँक आणि सही. कारकून पूर्ण गेला. नवऱ्याची सुटलेली नोकरी हा हजार शब्दांतला मोठा परिच्छेद. त्याच्या जागी सून 'पर्समधली चिल्लर मोजत' बसली. तिची सगळी ओढाताण त्यात येत नाही. शंभर शब्दांत तेवढं सोडावंच लागतं.

विशेषणं काढा, वाक्यं छोटी करा, हे सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ कथा न वाचलेल्या माणसाला छोटी कथा वाचायला द्या. तुम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं, त्यामुळे गळालेला दुवा तुम्हाला दिसत नाही. त्याला विचारा, "दोनशे कशाचे?" 'भाड्याचे' म्हणाला, तर दुवा तुटलाय, खुलाशाचं वाक्य न जोडता दुवा परत आणा. शीर्षकही त्याला आधी दाखवू नका. मी 'हयातीचा दाखला' ठेवलं.

आणि कथा पाठवतानाच लिहून द्या की काटछाट लेखकाला दाखवल्याशिवाय छापू नये. ही अट ज्यांना जाचक वाटते, त्यांना कथा देऊ नका. त्या अंकाला मी आता देत नाही.