काटकोनी लोलकाचा क्रांतिक कोन : लेझर आणि मोजपट्टीने

४५-९०-४५ अंशांचा काचेचा लोलक आरशासारखा वागतो, हे शाळेतल्या आकृतीत आपण पाहिलेले असते. आखूड बाजूवर लंब पडलेला किरण आत सरळ जातो, कर्णाच्या बाजूवर ४५° ने आदळतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन दुसऱ्या आखूड बाजूने बाहेर पडतो. काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४१° असतो. म्हणजे या आरशाच्या हाती चारच अंशांची सवलत आहे. किरण जरा तिरपा आत शिरला की ती संपते आणि कर्णाच्या बाजूने उजेड बाहेर पडू लागतो. नेमका हा क्षण पकडला, तर त्या एका मोजमापातून क्रांतिक कोन आणि काचेचा अपवर्तनांक असे दोन्ही मिळतात.

साहित्य

काचेचा काटकोनी लोलक (आखूड बाजू साधारण २५ मिमी), १ मिलिवॉटपर्यंतचा लाल लेझर पॉइंटर, जाड पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्याखाली टेबलावर ठेवायला पुठ्ठा, एक टाचणी, पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद, मोजपट्टी, मऊ सुती कापड. खोलीत अंधार हवा. परावर्तित ठिपका खोलीत फिरणार आहे, म्हणून डोळे टेबलाच्या पातळीवर आणू नका.

कृती

१. लोलकाच्या तिन्ही बाजू कापडाने स्वच्छ पुसा. कर्णाच्या बाजूवर बोटांचा ठसा राहिला, तर तिथून उजेड विखुरतो आणि पुढचे निरीक्षण फसते.

२. लोलक चकतीवर ठेवून त्याच्या कोपऱ्यांना अ, ब, क अशी नावे द्या. काटकोन ब पाशी, कर्ण अक. अब बाजूच्या मध्याखाली येईल अशी टाचणी चकतीतून टेबलावरच्या पुठ्ठ्यात रोवा. आता चकती फिरवली तरी किरण अब वर जिथे पडतो ती जागा हलणार नाही.

३. कर्णाच्या बाहेरच्या अंगाला, क कोपऱ्याजवळ, कागदाचा पडदा अक ला काटकोनात उभा करून चकतीवरच चिकटवा. निसटणारा किरण कर्णाला घासत क च्या दिशेने जातो, म्हणून पडदा तिथे हवा.

४. लेझर टाचणीपासून १०० सेमी अंतरावर घट्ट बसवा. त्याच्या तोंडालगत, किरणाला काटकोनात, मोजपट्टी आडवी उभी करा. लेझरच्या तोंडाशी तिचा शून्य येऊ द्या.

५. लेझर सुरू करा. अब बाजूवरून थोडा उजेड मागे परततो. हा ठिपका लेझरच्या तोंडावर येईपर्यंत चकती फिरवा. आता किरण अब ला लंब आहे. बक बाजूने ठळक किरण बाहेर पडताना दिसेल, पडदा मात्र काळाच राहील. हे पूर्ण आंतरिक परावर्तन.

६. आता चकती अगदी हळू फिरवा. परतलेला ठिपका अ कोपऱ्याच्या बाजूला सरकला पाहिजे. या दिशेने फिरवल्यावर कर्णावरचा आपतन कोन ४५° पेक्षा कमी होत जातो. उलट फिरवल्यास तो वाढतो आणि कितीही थांबलात तरी पडद्यावर काही येत नाही.

७. पडद्यावर कर्णालगत पहिली लाल रेघ उमटली की थांबा आणि मोजपट्टीवर परतलेला ठिपका किती सेंटिमीटरवर आहे ते लिहा. ठिपके दोन दिसले, तर लेझरच्या जवळचा घ्या. तो अब वरून आलेला असतो. दुसरा बक बाजूवरून आतून परतलेला असतो.

८. थोडे पुढे जाऊन परत मागे या. रेघ विझते तिथले वाचन लिहा. लेझरचा झोत थोडा जाड आणि पसरता असल्यामुळे ही दोन वाचने किंचित वेगळी येतात. त्यांची सरासरी घ्या.

आकडेमोड

समजा, रेघ २१.६ सेमीवर उमटली आणि २१.० सेमीवर विझली. सरासरी २१.३ सेमी. लोलक i अंशांनी फिरला की परावर्तित किरण त्याच्या दुप्पट फिरतो, म्हणून

tan २i = २१.३ ÷ १०० = ०.२१३
२i = १२.०°, i = ६.०°

हा अब वरचा आपतन कोन झाला. आत अपवर्तन कोन r असेल, तर स्नेलच्या नियमाने sin i = n sin r. कर्णावर किरण (४५° − r) ने आदळतो, आणि रेघ उमटते त्या क्षणी हाच क्रांतिक कोन c असतो. म्हणजे r = ४५° − c. शिवाय n = १ ÷ sin c. ही मूल्ये पहिल्या समीकरणात घालून sin (४५° − c) चा विस्तार केला की एक सुटसुटीत सूत्र उरते:

cot c = १ + √२ × sin i

sin ६° = ०.१०४५, म्हणून

cot c = १ + १.४१४ × ०.१०४५ = १.१४८
c = ४१.१°
n = √(१ + १.१४८²) = १.५२

पडताळा: r = ४५° − ४१.१° = ३.९°. १.५२ × sin ३.९° = ०.१०३, म्हणजे i सुमारे ५.९°. मोजलेल्या ६° शी जुळते. क्राउन काचेचा अपवर्तनांकही याच सुमारास असतो.

मोजपट्टीवर १ सेमीची चूक झाली, तर i मध्ये पाव अंशाची आणि n मध्ये सुमारे ०.००५ ची चूक येते. कोनमापकाने थेट i मोजताना एका अंशाची चूक सहज होते, आणि तिने n सुमारे ०.०१८ ने हलतो. १०० सेमी लांबवर मोजायचे ते एवढ्यासाठीच.

पाणी लावून पाहताना

लोलक पुन्हा लंब स्थितीत आणा. काचेला हवेऐवजी पाणी लागले, तर sin c = १.३३ ÷ १.५२ = ०.८७५, म्हणजे c सुमारे ६१°. कर्णावरचे ४५° आता क्रांतिक कोनापेक्षा कमी आहेत, तेव्हा उजेड पाण्यात शिरायलाच हवा. तरीही कर्णावर पाण्याचा नुसता पातळ, सपाट थर दिला, तर बक मधून येणारा किरण जवळजवळ तसाच राहतो. कारण पाण्यात शिरलेला किरण स्तंभिकेशी ५४° करतो, आणि पाणी व हवा यांच्यातला क्रांतिक कोन ४८.६° आहे. त्यामुळे पाण्याच्या बाहेरच्या पृष्ठावर त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि तो परत काचेत येतो. पाण्यात गेलेला उजेड पाहायचा असेल, तर किरण आदळतो त्या जागी ओला पांढरा टिश्यू कागद चिकटवा. कागदाचे तंतू उजेड विखुरतात, कागद लाल चमकतो आणि बक चा किरण फिका पडतो.

लोलक निवडताना

अॅक्रिलिकच्या लोलकाचा n सुमारे १.४९ असतो. त्यात रेघ ४.२° लाच उमटते, म्हणजे मोजपट्टीवर १५ सेमीच्या आसपास. n जर √२, म्हणजे १.४१४, इतका खाली आला, तर क्रांतिक कोन ४५° होतो आणि सवलत शून्यावर येते. पाणी भरलेला पोकळ काटकोनी लोलक म्हणूनच आरशाचे काम करू शकत नाही.

पोरो लोलकांच्या दुर्बिणीत हाच हिशेब लागतो. बीके७ काचेचा n १.५१७ आहे. तिच्यात किरण ५.७° पर्यंत तिरपा चालतो. बॅक४ काचेचा n १.५६९, आणि तिची मर्यादा ८.५°. भिंगाचे नाभीय अंतर व्यासाच्या चौपट असेल, तर कडेचे किरण सुमारे ७° ने तिरपे येतात. बीके७ च्या लोलकातून त्यांतले काही निसटतात. अशी दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे (सूर्याकडे मात्र कधीही नाही) रोखली, तर नेत्रिकेतल्या उजळ वर्तुळाच्या कडा करड्या पडून ते चौकोनी भासते. बॅक४ च्या लोलकात ते स्वच्छ गोल दिसते.