तारुण्यपिटिका व आपल्या वापरातील वस्तू

तारुण्यपिटिकांचे मूळ त्वचेच्या आत असते. वयात येताना त्वचेतील ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. ते मृत पेशींसह रंध्रात साचून पुटकुळी उठते. म्हणून केवळ स्वच्छतेने पिटिका नाहीशा होत नाहीत. बाहेरून पडणारी भर मात्र टाळता येते.

रात्री केसांना तेल लावून निजण्याची आपल्याकडे रूढी आहे. ते तेल उशीच्या अभ्र्यात मुरते व कपाळास लागते. केसांच्या कडेने बारीक, दाट पुटकुळ्या उठल्यास तेलाचा संशय घ्यावा. अशा वेळी तेल सकाळी न्हाण्यापूर्वी लावावे. अभ्रा एरवी आठवड्याने, परंतु तेलकट केसांच्या मुलामुलींनी दोन दिवसांनी बदलावा. दिंद्रुडकडे उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. तेव्हा एका रात्री अभ्र्याची एक बाजू व दुसऱ्या रात्री दुसरी वापरावी.

तोंड पुसण्याचा पंचा ज्याचा त्याचा निराळा असावा. तो रोज उन्हात वाळवावा व दोन-तीन दिवसांनी धुवावा. मोबाईलचा पडदा गालास टेकतो, म्हणून तो रोज किंचित ओल्या मऊ कापडाने पुसावा. रंगभूषेचे ब्रश आठवड्याने सौम्य साबणाने धुवून आडवे वाळवावेत. दुसऱ्याचा ब्रश वापरू नये.

दोन महिन्यांत फरक न पडल्यास, अथवा दुखऱ्या गाठी येऊन व्रण राहू लागल्यास डॉक्टरांस दाखवावे.