आडतीवर पाठविलेल्या गुळाचा हिशेब

गूळ तयार झाला की तो स्थानिक सौद्यात विकावा, की दूरच्या पेठेतील आडत्याकडे पाठवून तेथे विकावा, हा प्रश्न कोल्हापूर भागातील गुऱ्हाळमालकांपुढे व लहान व्यापाऱ्यांपुढे दर हंगामात उभा राहतो. गुजरातेत कोल्हापुरी गुळास जुनी मागणी आहे. परंतु माल बाहेर पाठविल्यानंतर त्यात खरोखर काय मिळाले, हे पुष्कळांस नीट सांगता येत नाही. आडत्याची पट्टी हाती येते, रक्कम बँकेत जमा होते, आणि आलेल्या रकमेवरूनच नफ्यातोट्याचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज बहुधा चुकतो. तो का चुकतो व बरोबर हिशेब कसा मांडावयाचा, याचा विचार या लेखात एका उदाहरणाच्या साहाय्याने केला आहे. करांचा हिशेब समजण्याच्या सोयीसाठी बाजूला ठेवला आहे.

१. पाठविणे म्हणजे विकणे नव्हे

आडत्याकडे माल रवाना झाला म्हणजे विक्री झाली, असे समजणे ही पहिली चूक होय. आडत्या हा खरेदीदार नसून पाठविणाराचा प्रतिनिधी असतो. माल त्याच्या वखारीत पडून असला तरी मालकी पाठविणाराचीच राहते. भाव पडला तर तोटा पाठविणाराचा, व वाटेत माल बिघडला तरी तो प्रथम पाठविणाराच्याच अंगावर येतो. आडत्यास झालेल्या विक्रीवर ठरलेली आडत व केलेला खर्च एवढेच मिळावयाचे असते.

म्हणून माल पाठविताना वहीत आडत्याच्या नावे विक्री लिहू नये. त्या पाठवणीचे स्वतंत्र खाते उघडावे. हिशेबाच्या पुस्तकांत यास 'प्रेषण खाते' म्हणतात. प्रत्येक आडत्याचे व शक्य तर प्रत्येक पाठवणीचे खाते निराळे ठेवावे, म्हणजे कोणत्या पेठेने काय दिले ते स्पष्ट दिसते. माल विकला गेल्याची पट्टी आल्यानंतरच आडत्याच्या नावे रक्कम लिहावयाची.

२. उदाहरण

समजा, करवीर तालुक्यातील एका व्यापाऱ्याने ३० किलोंचा एक असे गुळाचे ३०० रवे अहमदाबादच्या आडत्याकडे पाठविले. एका रव्याची खरेदी १,२०० रुपये, म्हणजे एकूण ३,६०,००० रुपये झाली. बारदान, भराईची हमाली व मालमोटारीचे भाडे मिळून ३०,००० रुपये खर्च आला. आडत्याने उचल म्हणून १,५०,००० रुपये आगाऊ पाठविले.

वाटेत मोटार नादुरुस्त झाली. माल दुसऱ्या मोटारीत भरताना अवकाळी पाऊस आला, व ताडपत्री फाटलेली असल्यामुळे २० रवे भिजून पूर्णपणे निकामी झाले. ते तेथेच टाकून द्यावे लागले. आडत्याकडे २८० रवे पोचले. पुढे वाहतूकदाराने या नुकसानीपोटी १८,००० रुपये भरून दिले.

हंगामाअखेर आडत्याची पट्टी आली ती अशी :

२३० रव्यांची विक्री, दर १,५०० रुपये : ३,४५,००० रुपये
वजा, उतराई व वखारीपर्यंतची वाहतूक : २,८०० रुपये
वजा, वखारीचे भाडे : ३,२०० रुपये
वजा, आडत शेकडा ४ प्रमाणे : १३,८०० रुपये
निव्वळ रक्कम : ३,२५,२०० रुपये
वजा, पूर्वी दिलेली उचल : १,५०,००० रुपये
बाकी पाठविली : १,७५,२०० रुपये

शिल्लक ५० रवे आडत्याच्या वखारीत आहेत.

व्यापाऱ्याचा खर्च ३,९०,००० रुपये, आणि पट्टीप्रमाणे निव्वळ रक्कम ३,२५,२०० रुपये. वरवर पाहता ६४,८०० रुपयांचा तोटा दिसतो. प्रत्यक्षात तसे नाही. कारण ५० रवे अद्याप त्याचेच आहेत, आणि २० रव्यांचे नुकसान हा व्यापाराचा भाग नसून अपघाताचा भाग आहे. या दोन्हींची किंमत प्रथम ठरविली पाहिजे.

३. भिजलेल्या मालाची किंमत

अशा नुकसानीस असाधारण नुकसान म्हणतात. त्याची किंमत केवळ खरेदीच्या दराने धरू नये. तो रवा भिजेपर्यंत त्यावर भाडे, हमाली व बारदान यांचाही खर्च झालेला असतो. ३०,००० रुपये ३०० रव्यांवर वाटले असता रव्यामागे १०० रुपये पडतात. तेव्हा एक रवा १,३०० रुपयांचा व २० रवे २६,००० रुपयांचे झाले. आडत्याने केलेली उतराई मात्र यात धरावयाची नाही, कारण हे रवे त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

ही २६,००० रुपयांची रक्कम प्रेषण खात्यात जमेस धरून तेथून बाहेर काढावी व 'असाधारण नुकसान' या निराळ्या खात्याच्या नावे लिहावी. त्या खात्यात वाहतूकदाराकडून मिळालेले १८,००० रुपये जमा करावे. राहिलेले ८,००० रुपये नफातोटा खात्यास तोटा म्हणून न्यावे.

हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे उदाहरणातच मिळेल.

४. शिल्लक मालाची किंमत

शिल्लक रव्यांस विक्रीचा दर लावण्याचा मोह होतो. परंतु जो नफा अद्याप झाला नाही तो धरता येत नाही. शिल्लक माल मूळ किमतीस धरावा, व त्यात माल आडत्याच्या वखारीच्या दारापर्यंत पोचेतो झालेला खर्च मिळवावा. पाठविणाराचा खर्च रव्यामागे १०० रुपये आहे. आडत्याने केलेली उतराई व वाहतूक २,८०० रुपये ही पोचलेल्या २८० रव्यांवर वाटली की रव्यामागे १० रुपये येतात. म्हणून शिल्लक रव्याची किंमत १,३१० रुपये व ५० रव्यांची ६५,५०० रुपये होते.

वखारीचे भाडे व आडत मात्र यात मिळवू नयेत. माल जितके दिवस पडून राहील तितके भाडे वाढत जाते, पण त्यामुळे गुळाची किंमत वाढत नाही. आडत तर विकलेल्या मालावरची असते. तिचा शिल्लक मालाशी संबंध नाही.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. पेठेतील भाव उतरून खर्च वजा जाता १,३१० पेक्षा कमीच हाती येणार असेल, तर शिल्लक माल त्या कमी दराने धरावा. समजा भाव १,२५० झाला, तर शेकडा ४ आडत ५० रुपये वजा जाऊन रवा १,२०० रुपयांचाच धरावा लागेल.

५. प्रेषण खाते

आता खाते पुरे करता येईल.

नावे बाजू :
पाठविलेला माल : ३,६०,००० रुपये
पाठविणाराचा खर्च : ३०,००० रुपये
आडत्याचा खर्च (२,८०० व ३,२००) : ६,००० रुपये
आडत : १३,८०० रुपये
एकूण : ४,०९,८०० रुपये

जमा बाजू :
विक्री : ३,४५,००० रुपये
असाधारण नुकसान : २६,००० रुपये
शिल्लक माल : ६५,५०० रुपये
एकूण : ४,३६,५०० रुपये

जमा बाजू २६,७०० रुपयांनी जास्त आहे. हा अहमदाबादच्या पाठवणीतील नफा होय. पडताळा पाहण्याची रीत सोपी आहे. विकलेल्या प्रत्येक रव्यात १,५०० वजा १,३१० म्हणजे १९० रुपये सुटले. २३० रव्यांचे ४३,७०० झाले. त्यातून भाडे ३,२०० व आडत १३,८०० वजा केली की २६,७०० रुपयेच राहतात.

नुकसानीचे ८,००० वजा जाता व्यापाऱ्यास एकंदर १८,७०० रुपये मिळाले. शिल्लक माल ६५,५०० रुपयांस पुढील हिशेबात नावे बाजूस ओढावा. उचलीची रक्कम प्रेषण खात्यात कोठेही येत नाही, कारण ती विक्रीही नव्हे व खर्चही नव्हे. ती केवळ आडत्याच्या खात्यात जमा होऊन तेथेच वळती होते.

आता मघाचा प्रश्न. भिजलेले रवे निराळे न काढता खाते मांडले असते तर नफा केवळ ७०० रुपये दिसला असता, आणि अहमदाबादेस माल पाठविण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष व्यापाऱ्याने काढला असता. वस्तुतः पेठ चांगली होती, दोष ताडपत्रीचा होता. उलट, शिल्लक रवे विक्रीच्या दराने धरले असते तर नफा ९,५०० रुपयांनी फुगला असता, व पुढच्या पाठवणीस न मिळालेल्या पैशांवर भरवसा ठेवला गेला असता.

६. स्वाभाविक घट निराळी

गूळ साठवणीत वाळतो किंवा दमट हवेत पाझरतो, व त्याचे वजन थोडे घटते. ही घट अपघाती नव्हे, ती ठरलेलीच आहे. म्हणून तिचे निराळे खाते नसते. तिचा भार चांगल्या राहिलेल्या मालावरच पडतो. वजनावर विकावयाच्या दुसऱ्या एका पाठवणीत १०० क्विंटल गुळाची खर्चासह किंमत ४,४१,००० रुपये झाली व वजन ९८ क्विंटल भरले, तर दर ४,४१० नव्हे, ४,५०० रुपये धरावा. त्यातील २० क्विंटल शिल्लक असल्यास त्याची किंमत ९०,००० रुपये होईल.

घट स्वाभाविक की असाधारण, हे कसे ओळखावे ? मागील पाठवणींच्या पट्ट्यांवरून नेहमीची घट किती येते ते पाहावे. त्याहून बरीच अधिक घट आली, किंवा नगच कमी भरले, तर कारण शोधावे.

७. पट्टी हाती आल्यावर

पहिली तपासणी नगांची. पाठविलेले ३०० हे विकलेले २३०, शिल्लक ५० व निकामी २० यांच्या बेरजेशी जुळले पाहिजेत. न जुळल्यास रुपयांचा हिशेब पुढे करूच नये. दुसरी तपासणी आडतीची. ती विकलेल्या मालाच्या किमतीवरच आकारलेली असावी, पोचलेल्या मालावर नव्हे. काही आडत्ये उधारी बुडाल्यास स्वतः भरून देण्याची हमी घेतात व त्यासाठी जादा आडत लावतात. अशी जादा आडत दिली असेल तर बुडीत रक्कम पट्टीतून वजा होऊ देऊ नये. हमी नसेल तर ती रक्कम पाठविणारासच सोसावी लागते. म्हणून ही अट आधी लेखी करून घ्यावी.

मागणी केल्यास योग्य हिशेब देणे हे भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये प्रतिनिधीचे कर्तव्यच आहे. तसेच माल वाटेत बिघडल्यास पोचपावतीवर तसा शेरा घेऊन वाहतूकदारास लेखी नोटीस द्यावी. रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ प्रमाणे दावा करावयाचा झाल्यास ही नोटीस माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत दिलेली असावी लागते. उदाहरणातील १८,००० रुपये अशा शेऱ्याच्या व नोटिशीच्या आधारेच मिळू शकतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील एखादी जुनी पट्टी घेऊन, वरील क्रमाने प्रथम नग, मग निकामी माल, मग शिल्लक माल व शेवटी खाते, असा हिशेब शेतकऱ्यांसमवेत बसून मांडून पाहावा.