विमानाने गेलेल्या भेंडीचं भाडे बिल कसं तपासायचं



विमान भाडं शेवटी आपल्याच पट्टीतून कापलं जातं, म्हणून फॉरवर्डरचं बिल पैसे देण्याआधी स्वतः तपासा. कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

विमानात जागा कमी, म्हणून हलका पण फुगीर माल आकारमानावर मोजतात. बॉक्सची लांबी × रुंदी × उंची (सेंटीमीटरमध्ये) करून 6000 ने भागायचं. येतं ते व्हॉल्युमेट्रिक वजन. काट्यावरचं एकूण वजन आणि हे, यातलं जे जास्त असेल ते चार्जेबल वजन. भाडं त्यावरच.

समजा भेंडीचे 100 बॉक्स दुबईला पाठवले. बॉक्स 45 × 30 × 25, म्हणजे 33,750 घन सेंमी. भागिले 6000 केलं की एका बॉक्सचे 5.625 किलो, 100 चे 562.5 किलो. काट्यावर पॅकिंगसकट 540 किलो भरलं. म्हणजे चार्जेबल 562.5. दर 110 रुपये किलो धरला तर भाडं 61,875 रुपये.

बिलात मात्र 675 किलो लावलेत! मग उलटं गणित करा. एकूण आकारमान 33,75,000 भागिले 675 केलं की उत्तर 5000. म्हणजे 6000 ऐवजी 5000 ने भागलंय. 5000 हा आकडा बहुतेक कुरिअरवाल्यांचा, विमान कंपनीच्या कार्गोत सहसा 6000 चालतो. फरक 112.5 किलो, म्हणजे 12,375 रुपये. पण आधी दरपत्रक काढून बघा. त्यात 5000 लिहिलं असेल आणि आपण होकार दिला असेल, तर भांडून उपयोग नाही.

बिलात 600 किलो दिसले तर प्रत्येक बॉक्सचे 5.625 चे 6 केलेत. पूर्णांक एकूण वजनाचा करतात, तोही पुढच्या अर्ध्या किलोपर्यंतच.

कधी भागाकार बरोबर असतो, पण मापच मोठं लागतं. गच्च भरलेला बॉक्स फुगतो आणि विमानतळावर माप फुगवट्यासकट घेतात. तिन्ही बाजूंनी 2 सेंमी वाढले तर तोच बॉक्स 6.77 किलोचा होतो, आणि 100 बॉक्सचे जवळपास 677! म्हणजे बिल वरच्यासारखंच दिसतं, पण चूक फॉरवर्डरची नसते. म्हणून एअरवे बिलावरची मापं आधी बघा. पॅकहाऊसमध्ये बॉक्स बंद केल्यावर टेप लावून फोटो काढून ठेवा, तोच आपला पुरावा.

दरही बघा. वजन वाढेल तसा किलोचा दर उतरतो. 300 च्या वर एक, 500 च्या वर दुसरा. समजा 300 ला 118 आणि 500 ला 110 आहे, आणि आपला माल 475 किलो. 118 ने 56,050 होतात. तोच माल 500 किलो धरून 110 ने लावला तर 55,000. असं लावून मागता येतं, पण सांगितल्याशिवाय कुणी लावेलच असं नाही.

फरक सापडला तर फोनवर बोलू नका. मापं, भागाकार आणि दर लिहून बिलाच्या फोटोसह कंपनीच्या ऑफिसला पाठवा, पेमेंट सोडण्याआधी.