आय वुड लाइक टू

चि. मधुरास,


स्टायपेंडसाठी बंगळूरला खातं उघडायचंय आणि काउंटरवर इंग्रजीत बोलायची धास्ती वाटते, असं तू लिहिलंस. तीस वर्षं मी काउंटरच्या पलीकडे बसलो आहे. तिथं रोज तीच पाच-सहा वाक्यं चालतात, तेवढी बसली की झालं.

पहिलंच वाक्य आपली माणसं चुकतात. ‘मला खातं उघडायचंय’ याचं ते ‘आय हॅव टू ओपन’ करतात. त्याचा अर्थ होतो, उघडणं भाग आहे. तू ‘आय वुड लाइक टू’ म्हण. पुढचं बोलणं साधारण असं होईल:

– गुड मॉर्निंग. आय वुड लाइक टू ओपन अ सेव्हिंग्ज अकाउंट.
– डू यू हॅव युअर आधार अँड पॅन?
– येस, हिअर दे आर. माय प्रेझेंट अ‍ॅड्रेस इज डिफरंट फ्रॉम द वन ऑन माय आधार.
– नो प्रॉब्लेम. प्लीज फिल इन धिस फॉर्म. हू इज युअर नॉमिनी?
– माय मदर. व्हेअर शुड आय साइन?
– हिअर, अँड अक्रॉस द फोटोग्राफ.
– व्हॉट इज द मिनिमम बॅलन्स? इज देअर अ चार्ज इफ इट फॉल्स बिलो दॅट?

शेवटचे दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नकोस. उत्तरात ‘मंथली अ‍ॅव्हरेज’ हे शब्द आले तर नीट समजून घे. समज, सरासरी पाच हजार हवी आहे. तीस दिवसांच्या महिन्यात पंधरा दिवस खात्यात दहा हजार राहिले आणि उरलेले पंधरा दिवस काहीच नसलं, तरी सरासरी पाच हजारच भरते. पण स्टायपेंड आल्या आल्या सगळा काढलास, तर सरासरी कोसळते आणि दंड लागू शकतो. तुझी रक्कम बेताची आहे, म्हणून मी तुझ्या जागी असतो तर सरळ विचारलं असतं, ‘कॅन आय ओपन अ बेसिक सेव्हिंग्ज अकाउंट?’ रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. पैसे काढण्याच्या मोफत वेळा मात्र मोजक्या असू शकतात, त्या तिथंच विचार.

समोरचा भरभर बोलला आणि कळलं नाही, तर नुसतं ‘व्हॉट?’ म्हणू नकोस, ते उद्धट वाटतं. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ म्हण. न कळता ‘येस, येस’ म्हणत राहिल्यामुळे नको असलेला विमा गळ्यात पडलेले खातेदार मी पाहिलेत. तसं काही पुढं आलं तर ‘नो, थँक यू. ओन्ली द अकाउंट’ एवढं पुरे.

पासबुक मिळालं की नावाचं स्पेलिंग पॅनकार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून बघ. चूक असेल तर ‘देअर इज अ मिस्टेक इन माय नेम’ असं तिथंच सांग, आणि दुरुस्त झाल्याशिवाय काउंटर सोडू नकोस.

तुझा,
मामा