उपरोध आणि त्याचा खुलासा

उपरोधात लेखक एक बोलतो आणि त्याच्या उलट सुचवितो. प्रत्यक्ष बोलण्यात हे काम स्वर करतो. संस्कृत साहित्यशास्त्राने स्वराच्या या विकारास ‘काकु’ अशी संज्ञा दिली आहे. मुद्रित पानावर काकु उरत नाही. त्यामुळे एखाद्या वाचकाने वाच्यार्थच खरा मानला, तर सर्व दोष त्याच्या माथी मारता येत नाही. अशा वाचकास उपरोधाची हानी न करता खुलासा कसा द्यावा, हा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

इंग्रजीतील डॅनियल डिफोचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १७०२ च्या डिसेंबरात त्याने एक निनावी पुस्तिका काढली. राजमान्य चर्चपासून फुटलेल्यांना दंड पुरेसा नाही. त्यांच्या उपदेशकांना फासावर द्यावे व अनुयायांना हद्दपार करावे, असे तीत कडव्या धर्माभिमान्याच्या तोंडून म्हटले होते. डिफो स्वतः त्या फुटलेल्यांपैकीच होता. परंतु कडव्या मंडळींपैकी काहींना ती आपलीच भाषा वाटली आणि डिफोचे स्वपक्षीय भयभीत झाले. लेखक उघड होताच दोन्ही पक्ष संतापले. १७०३ मध्ये डिफोने खुलासा छापला. मजकूर व शैली नीट पाहिल्यास हा उपरोध आहे हे कळणे अवघड नव्हते, असा त्याचा सूर होता. म्हणजे खुलाशानेच वाचकास अडाणी ठरविले. फसलेल्यास हे दुसऱ्यांदा फसविल्यासारखे वाटते. त्याच वर्षी जुलैत डिफोला तीन दिवस भर रस्त्यात खोड्यात उभे राहावे लागले.

मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखनाची रचना वेगळी आहे. तेथे रूढींचा कैवार लेखक स्वतः घेत नाही, सुदामा घेतो. बंडूनाना व पांडूतात्या हे त्याचे सोबती आहेत. सुदाम्याचा युक्तिवाद उत्साहाच्या भरात इतका पुढे जातो की ज्याचे मंडन करावयाचे तेच हास्यास्पद ठरते. एखाद्याने ते मंडन गंभीरपणे घेतलेच, तर ‘हे सुदामा म्हणतो’ एवढे सांगणे पुरे होते. यात वाचकाचा उपमर्द होत नाही आणि विनोदाचे विच्छेदनही होत नाही.

यावरून हलक्या खुलाशाचे स्वरूप स्पष्ट होते. तो लेखकाचा हेतू सांगत नाही. मजकुरातील वक्त्याकडे, अथवा युक्तिवाद जेथे तोल सोडतो त्या वाक्याकडे बोट दाखवितो. पुढचे हसणे वाचकाकडे राहते. मात्र असे बोट ठेवण्याजोगे स्थळ मजकुरात असावे लागते. डिफोच्या निनावी पुस्तिकेत वक्त्याला नावच नव्हते, आणि त्याचे सोंग अस्सल माणसाशी इतके जुळले होते की सोंग व माणूस यांमध्ये फट राहिली नव्हती. तेथे नंतरचा कोणताही खुलासा उशिराचाच ठरला असता.